बेरीज 46, म्हणून म्हणे ओव्हरटाइम नाही!

आज भाचा आला रबाळ्याहून. चहा घेईना. खिशातून आठवड्याचं टाइमशीट काढून माझ्यापुढे ठेवलं. सोमवार-मंगळवार अकरा-अकरा तास, बुधवार ते शुक्रवार आठ-आठ. शनिवारी ताप आला म्हणून बिनपगारी रजा. बेरीज 46. ठेकेदाराच्या ऑफिसातला पोरगा म्हणतो, 48 भरले नाहीत तर ओटी कसली? आणि तासाचा दर 90 धरून, 46 गुणिले 90 करून 4,140 रुपये दिले.

डोकंच फिरलं माझं. मी वागळे इस्टेटमध्ये होतो तेव्हा आमचे टाइमकीपर रोज संध्याकाळी नऊच्या वरचे तास लाल शाईनं वेगळ्या रकान्यात लिहायचे. रोज! शनिवारची वाट नाही बघायचे. कारण 1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 59 दिवसाला नऊ तासांच्या वर किंवा आठवड्याला 48 च्या वर म्हणायचं. त्यातला 'किंवा' या पोरानं गिळला. भाच्याच्या नेमणूक पत्रातही रोजचे नऊच लिहिलेत.

मग मांडा. सोमवारचे दोन, मंगळवारचे दोन, चार तास लाल शाईचे. उरले 42, नव्वदनं 3,780. आता गंमत ऐका. पत्रात "100 टक्के जादा" आहे. पोरगा म्हणतो, शंभर टक्के म्हणजे पूर्ण दर, दिला की नव्वद! अरे बाबा, शंभर टक्के जादा म्हणजे नव्वदवर आणखी नव्वद, 180. चार तासांचे 720. एकूण साडेचार हजार. 360 रुपये खाल्ले भाच्याचे, तेही ताप आलेल्या आठवड्यात.

बरं, भाचाही काही कमी नाही. म्हणे मामा, शनिवारी आठ तास गेलो असतो तर 54 झाले असते, मग रोजचे चार आणि 48 च्या वरचे सहा मिळून दहा तास ओटी ना? नाही रे. ते चार त्या सहात आधीच आहेत. तेच तास दोनदा कसे मोजशील? ओटी सहाच. इथे ठेकेदार बरोबर असता, मानतो. (टाइमकीपरनी मलाही असंच एकदा कार्ड परत करून गप्प बसवलं होतं.)

आणि नव्या कामगार संहितेचा धाक दाखवणाऱ्यांनो, तिथेही दर दुप्पटच आहे. दिवसाचं आणि आठवड्याचं, दोन्ही हिशोब करून कामगाराला जो फायद्याचा तो धरायचा, असं लिहिलंय. वाचा तरी.

तो ऑफिसातला पोरगाही बिचारा असेल बावीस-तेवीसचा. एक्सेलमध्ये शेवटच्या रकान्यात फक्त बेरीज आहे, त्याला दिवस दिसतच नाहीत. त्याला लाल शाई कुणी दाखवली असेल?

भाच्याच्या टाइमशीटवर लाल पेननं दोन आकडे लिहून दिलेत, सोमवारपुढे 2, मंगळवारपुढे 2. उद्या सकाळच्या पाळीआधी तो ते घेऊन जाणार आहे. चहा मात्र पिऊन गेला.