खोटं Re: आणि पान ३७

अनोळखी लोकांना विक्रीचा मेल पाठवताना सब्जेक्ट खरा कसा ठेवायचा, हे सांगण्याआधी काही वर्षांपूर्वी एका सेल्स टीममध्ये असताना मी स्वतः काय केलंय ते सांगते. ज्यांच्याशी कधी एक शब्द बोललो नव्हतो अशा लोकांना आम्ही `Re: मागच्या आठवड्यातलं बोलणं` असा सब्जेक्ट टाकून मेल पाठवायचो. ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, वाढला. मीटिंगमध्ये तो आकडा मोठ्या स्क्रीनवर दाखवला गेला आणि सगळे खूश झाले. मग एका गृहस्थांचा रिप्लाय आला: "आपलं बोलणं कधी झालं होतं? मी अर्धा तास जुने मेल शोधतोय."

त्यांना आमच्यावर संशय आला नव्हता. आपणच विसरलो असं त्यांना वाटलं होतं. मी खरं काय ते सांगून माफी मागितली. त्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ईमेलच्या मानकात, म्हणजे आरएफसी ५३२२ मध्ये, `Re:` या अक्षरांचा अर्थ दिलेला आहे. ते लॅटिन 'इन रे'चं छोटं रूप, म्हणजे 'या बाबतीत'. उत्तर देताना मूळ विषयाच्या पुढे लावायची ती खूण आहे. म्हणूनच ती दिसली की वाचणारा धरून चालतो की खाली आधीचं काहीतरी असणार. मेल उघडतो, खाली काहीच नसतं, आणि पुढच्या ओळीत तुम्ही कितीही खरं लिहा, तो ते फसवलेल्या माणसाच्या नजरेने वाचतो. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने व्यावसायिक मेलमधला दिशाभूल करणारा सब्जेक्ट बेकायदा ठरवला आहे. कंपनीने कंपनीला पाठवलेल्या मेललाही तो लागू आहे. पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

आणि ज्या ओपन रेटसाठी हे सगळं करायचं, तो तरी कसा मोजतात? मेलमध्ये एक अदृश्य, एका पिक्सेलचं चित्र असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'मेल उघडला' अशी नोंद होते. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर ही चित्रं अ‍ॅपच आधी मागवून ठेवतं, माणसाने मेलकडे पाहिलेलं असो वा नसो. काही कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणाही आलेला मेल आधी स्वतः उघडून तपासतात. म्हणजे आपण ज्याला 'उघडला' म्हणतो त्यात कितीतरी वेळा माणूसच नसतो. अशा आकड्यासाठी खोटं बोलायचं, हे मला आज फार वाईट वाटतं.

आता मी काय करते ते एका मेलवरून सांगते. आमचं काम साधं आहे: स्कॅन करून ठेवलेले जुने कॅटलॉग शोधता येतील असे करून द्यायचे. समोर होती औद्योगिक पंप बनवणारी एक कंपनी. मेल लिहायच्या आधी मी त्यांचा कॅटलॉग फोनवर उघडला. पीडीएफ होती, बरीच मोठी. पान ३७ वर एका पंपाचा मॉडेल नंबर ठळक छापलेला होता. तोच नंबर पीडीएफच्या सर्चमध्ये टाकला, तर काहीच सापडलं नाही. मग त्या नंबरावर बोट दाबून मजकूर निवडून पाहिला. अक्षरं निवडली जाईनात. म्हणजे ते पान नुसतं चित्र होतं, त्याच्यामागे मजकुराचा थरच नव्हता. कंपनीच्या वेबसाइटवरच्या सर्चमध्येही तो नंबर टाकला, तिथेही काही नाही. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागली. माझ्या मते सब्जेक्ट लाइनचं खरं काम या वीस मिनिटांत होतं. मग मेल लिहायचा, आणि सब्जेक्ट सगळ्यात शेवटी.

त्या दिवशी वहीत चार ओळी लिहिल्या होत्या. पहिली: "तुमची विक्री वाढवण्याची संधी". ही कुणालाही पाठवता येते, म्हणून ती कुणालाच उद्देशून नसते. दुसरी: "तुमच्या वेबसाइटवर गंभीर चूक". ही नक्की उघडली गेली असती. पण 'गंभीर चूक' वाचून माणसाच्या मनात काय येईल? साइट हॅक झाली, ग्राहकांची माहिती बाहेर गेली. तो हातातलं काम टाकून मेल उघडणार आणि आत सापडणार स्कॅन केलेलं पान. सुटकेचा श्वास टाकून झाला की त्याला पहिला राग येणार तो माझा. चूक खरी होती, 'गंभीर' हा शब्द खोटा होता.

तिसरी ओळ मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती सभ्य दिसते: "तुमचे ग्राहक पंप शोधून कंटाळतात". हे मला कुठे माहीत होतं? मी त्यांच्या एकाही ग्राहकाशी बोलले नव्हते. कदाचित त्यांचे सगळे ग्राहक फोन करूनच ऑर्डर देत असतील. मला एवढंच माहीत होतं की सर्च चालत नाही. त्यापुढचा सगळा माझा अंदाज होता, आणि अंदाज माहिती म्हणून विकणं हीसुद्धा फसवणूकच.

चौथी पाठवली: "पंप कॅटलॉग पान ३७: मॉडेल नंबर सर्च होत नाही".

ही पाठवतानाही एक गोष्ट जवळजवळ चुकलीच होती. छापलेला पान क्रमांक ३७ होता, पण पीडीएफ उघडणारं अ‍ॅप त्याच पानाला ३९ म्हणत होतं, कारण ते मुखपृष्ठ आणि त्याची आतली बाजूही मोजत होतं. वाचणारा तपासायला गेला आणि अ‍ॅपच्या ३७ व्या पानावर त्याला वेगळाच पंप दिसला, तर मी पुन्हा खोटी. म्हणून मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, "छापील पान ३७, पीडीएफमध्ये ३९." पाठवायच्या दिवशी सकाळी ती पीडीएफ पुन्हा उघडून पाहिली. आदल्या आठवड्यात खरं असलेलं आज खरं असेलच असं नाही, मधल्या काळात कुणीतरी फाइल बदलली असू शकते.

सब्जेक्टमध्ये 'पंप कॅटलॉग' आधी आणि तक्रार नंतर, यालाही कारण आहे. फोनवर सब्जेक्टची साधारण तीस-चाळीस अक्षरं दिसतात, बाकीची कापली जातात. म्हणून वाचणाऱ्याला स्वतःची म्हणून ओळखू येणारी गोष्ट सुरुवातीला हवी. सब्जेक्टच्या खाली किंवा बाजूला मेलची पहिली ओळ थोडीशी दिसते. तिथे बरेच जण "नमस्कार, मी अमुक कंपनीतून लिहीत आहे" असं लिहितात आणि ती जागा वाया जाते, कारण पाठवणाऱ्याच्या जागी ते आधीच दिसत असतं. निदान दिसायला हवं. तिथे मी माझ्या नावापुढे कंपनीचं नाव लावते, नुसतं पहिलं नाव ठेवत नाही. नुसतं नाव ठेवलं की एखादी जुनी ओळखीची मैत्रीण वाटते, आणि सब्जेक्ट कितीही सरळ असला तरी फसवणूक तिथूनच सुरू होते. मेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात मी हेही स्पष्ट लिहिते की हे काम आम्ही पैसे घेऊन करतो.

मला नेहमी विचारतात, "सगळं सब्जेक्टमध्येच सांगितलंस तर तो मेल उघडेल कशाला?" ज्याचा कॅटलॉगशी संबंध आहे त्याच्या मनात लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात: एवढं एकच पान की बाकीचीही? का होतंय? दुरुस्त करायला काय लागेल? ती उत्तरं आत असतात. ज्याचा संबंध नाही तो उघडणार नाही, आणि त्याने उघडूही नये. त्याला ओढून आत आणलं तर तो फार तर स्पॅमचं बटण दाबेल. जीमेलला दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी गुगलने २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे हजारात तीन. आम्ही इतके मेल पाठवत नाही, पण त्या आकड्यावरून कळतं की किती थोड्या चिडलेल्या लोकांमुळे तुमचा पुढचा, अगदी खरा मेलसुद्धा स्पॅममध्ये जाऊ शकतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. वीस-वीस मिनिटं लावली तर दिवसाला आठ-दहाच मेल होतात. मग मोह होतो की "पान अमुक: मॉडेल नंबर सर्च होत नाही" असा साचा बनवावा आणि दोनशे कंपन्यांना पाठवावा. तो मोह आवरा. त्यातल्या कितीतरी कंपन्यांचे कॅटलॉग नीट सर्च होत असतात, आणि तुम्ही न तपासताच तपासल्याचा आव आणलेला असतो. ज्या कंपनीबद्दल मला काहीच सापडत नाही, तिला एक तर लिहीत नाही, किंवा साधं लिहिते: "स्कॅन कॅटलॉग सर्च होण्याजोगे करून देण्याबद्दल". रुक्ष आहे, पण मेलमध्ये जे आहे तेच आहे.

मोजायचं तर रिप्लाय मोजा, आणि त्यात "आत्ता नको" हेही धरा. स्पष्ट नकार देणाऱ्याने मेल वाचलेला असतो. दोन सब्जेक्ट वीस-वीस जणांना पाठवून एकाला तीन आणि दुसऱ्याला पाच रिप्लाय आले, म्हणून दुसरा चांगला असं ठरवू नका. एवढ्या थोड्या मेलमध्ये दोनाचा फरक नुसत्या योगायोगाने पडतो. मी त्याऐवजी रिप्लायची पहिली ओळ वाचते. माणूस सब्जेक्टमधल्या गोष्टीवर बोलत असेल तर ओळ बरोबर जागी लागली. "आपण कोण?" किंवा "हे कशाबद्दल आहे?" असं विचारत असेल तर सब्जेक्ट आणि मेल यांच्यात कुठेतरी फट राहिली.

पंपवाल्या कंपनीकडून आठवडाभर काही आलं नाही. मी त्याच मेलला खाली जोडून एकच फॉलोअप केला, सब्जेक्ट न बदलता. "माझा मेल पाहिलात का?" असं विचारलं नाही, फक्त एवढं लिहिलं की पान ३८ आणि ४१ वरही तसंच होतंय. दोन दिवसांनी उत्तर आलं: "३१ पासून ५२ पर्यंत सगळीच पानं तशी आहेत, तो भाग जुन्या छापील प्रतीवरून स्कॅन केलाय. हे कोण बघतं ते विचारून कळवतो." त्या उत्तराच्या सब्जेक्टमध्ये `Re:` आपोआप लागून आलं होतं.