आत दारं मोकळी, बाहेर गाड्यांची रांग

भिवंडीच्या एका गोदामात मी रात्रपाळीचा सुपरवायझर आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या गेटबाहेर रोज रात्री रांग लागायची. दहा-दहा ट्रक, इंजिनं बंद, क्लीनर रस्त्यावर बसलेले. सगळ्यांचं निदान एकच : माल उतरवायची दारं कमी पडतात, हमाल वाढवा. मीही तेच म्हणायचो.

एका रात्री साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर गेटवरच्या कागद तपासायच्या खिडकीशी आला. "साहेब, आत दोन दारं मोकळी दिसतायत. मग आम्ही बाहेर कशासाठी?" मी त्याला गप्प केलं खरं, पण आत जाऊन पाहिलं तर दोन दारं खरंच रिकामी होती.

मुलगी कल्याणला बी.एस्सी. करते, विषय संख्याशास्त्र. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तासाला किती गाड्या येतात आणि एकीला किती वेळ लागतो, एवढंच लिहून आणा." तेव्हा कळलं की आमच्या रजिस्टरात याचं उत्तरच नाही. त्यात वेळ पडते ती गाडी खिडकीशी आल्यावर. ड्रायव्हर त्याआधी तासभर रांगेत असला तरी कागदावर तो तास नाहीच! म्हणून मग एका वॉचमनला रांगेच्या शेपटाशी उभं केलं आणि गाडीचा नंबर व वेळ लिहायला लावली.

दहा ते सहा, ८ तासांत ८८ गाड्या. म्हणजे तासाला ११. माल उतरवायला एका गाडीला पाऊण तास. मुलगी म्हणाली, ११ गुणिले पाऊण, म्हणजे कुठल्याही क्षणी साधारण सव्वाआठ दारं भरलेली. आमच्याकडे दारं १०. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला. ड्रायव्हरला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला होता.

मग अडतं कुठं? खिडकीवर. मालाची बिल्टी, जीएसटीचं ई-वे बिल, गाडीच्या सीलचा नंबर बघायला सरासरी ५ मिनिटं, म्हणजे तासाला १२ गाड्या निघू शकतात. येतात ११. मी म्हटलं, मग पुरतंय की! ती हसली. गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत. दोन एकदम येतात, मग दहा मिनिटं कोणी नाही, आणि तो रिकामा गेलेला वेळ परत मिळत नाही. तिने ढोबळ हिशेब दाखवला : येणाऱ्या गाड्या भागिले मोकळी उरलेली क्षमता, गुणिले एका गाडीची मिनिटं. तासाला १० आल्या तर १० भागिले २ गुणिले ५, म्हणजे २५ मिनिटं थांबणं. ११ आल्या तर ११ भागिले १ गुणिले ५, म्हणजे ५५. तासाला एकच गाडी जास्त आणि थांबणं दुपटीच्या वर. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं.

आणि ती '५ मिनिटं सरासरी' सुद्धा फसवी निघाली. आठातल्या सात गाड्या ३ मिनिटांत सुटायच्या. आठवीच्या ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकलेला किंवा सील जुळत नाही. मग पार्टीला फोन, रात्री दोनला कोण उचलणार, १९ मिनिटं. तोवर मागचे सगळे चांगले कागद घेऊन उभे.

आम्ही ना दार वाढवलं ना हमाल. भिंतीकडेला दोन गाड्यांपुरती जागा केली. तीन मिनिटांत कागद जुळले नाहीत तर गाडी तिथं लावायची आणि त्याचे फोन मी ऑफिसातून करायचे. खिडकीवरचा क्लार्क आधी कुरकुरला, "साहेब, बाजूला लावली की ड्रायव्हर माझ्याशी भांडतो." भांडतो, खरं आहे. पण तासाला असा एखाद-दुसराच असतो.

त्याच हिशेबाने आता ११ भागिले ९ गुणिले ३, म्हणजे साडेतीन-चार मिनिटं थांबावं लागायला हवं. प्रत्यक्षात कधी दहा लागतात, कारण शहरात जड गाड्यांच्या बंदीची वेळ संपली की लोंढा येतो आणि हे सूत्र धरून चालतं की गाड्या रात्रभर एकाच दराने येतात. खिडकीतून तीन मिनिटांना एक, म्हणजे तासाला २० निघू शकतात. दिवाळीआधी काही तास त्याहून जास्त आल्या, तेव्हा रांग नुसती वाढतच गेली. तिथं सूत्र नाही, दुसरी खिडकीच लागते.

माझं भांडण मात्र रजिस्टरशी आहे. ड्रायव्हरने ताटकळल्याचे, म्हणजे हॉल्टिंगचे पैसे मागितले की ऑफिस खिडकीवरची वेळ दाखवतं आणि ड्रायव्हर खोटा ठरतो. वॉचमनची वही मी तीनदा वर पाठवली. उत्तर आलं, फॉर्मॅटमध्ये तो रकाना नाही. वही चालू आहे, आता दुसरी लागली.