धूर गेला तरी निखाऱ्यांचा धोका उरतो
"धूर संपल्यावर लाल निखाऱ्यांची शेगडी बाळंतिणीच्या खोलीत ठेवली तर काय बिघडते?"

धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच राहतो आणि त्याला रंग वा वास नसल्याने तो कुणालाच जाणवत नाही. गेल्या पौषात आमच्या गावी फटी गोधडीने बुजवलेल्या खोलीत बाळंतीण आणि तिची आई या दोघींचेही पहाटे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळ झाली आणि ओसरीवर आणल्यावर थोडे बरे वाटले; माझ्या मते हीच या विषबाधेची खरी खूण आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने रक्तातील ऑक्सिजन ९८ टक्के, म्हणजे ठीकच दाखवला, परंतु या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिनही ते यंत्र ऑक्सिजनयुक्तच समजते, म्हणून त्या आकड्यावर न विसंबता दोघींना, आणि न रडणाऱ्या बाळालाही, ऑक्सिजनसाठी तातडीने दवाखान्यात न्यावे लागले.