साठ बायका, वीस प्रश्न आणि ‘धोका: नाही’

“पन्नास-साठ पेशंटचा अभ्यास, नुसती प्रश्नावली, रक्तबिक्त काही नाही. अ‍ॅडमिशन फॉर्मवर पेशंटची सही असतेच, नावं काढून टाकली की झालं. एथिक्स कमिटीचा अर्ज हवा तर नंतर टाका.” एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांच्या, म्हणजे पीजींच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज.

आधी आकड्याचं बघू. वैद्यकीय संशोधनाचे नियम घालून देणाऱ्या आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या छाननीतून सूट मिळते ती धोका पाहून, डोकी मोजून नाही. शिवाय आपल्या अभ्यासाला ही सूट मिळते की नाही, हे संशोधकाने नाही, कमिटीने ठरवायचं. म्हणजे सूट हवी असेल तरी अर्ज आलाच.

‘नुसती प्रश्नावली’ या शब्दांवर मात्र जरा थांबावं लागेल. मी एका कमिटीवर बसतो. तिथे येतात तशा अर्जाचं उदाहरण घेऊ: गरोदर बायका लोहाच्या गोळ्या मध्येच का सोडतात? साठ जणी, वीस प्रश्न, हिमोग्लोबिन केसपेपरवरून. धोक्याच्या रकान्यात एकच शब्द, ‘नाही’. प्रश्नावलीत मात्र एक प्रश्न असा: ‘गोळ्या घेऊ नकोस असं घरात कोण म्हणतं?’ आणि तो विचारायचा ओपीडीच्या रांगेत, सासू शेजारी उभी असताना. ती बाई एक तर खोटं सांगेल, नाहीतर खरं सांगून घरी गेल्यावर भोगेल. सुई न टोचता झालेली ही इजाच. अर्जात तिथे लिहायला हवं की मुलाखत बंद दाराआड, एकटीशी, आणि नको असलेला प्रश्न सोडून द्यायची मुभा. शिवाय गरोदर बायका असुरक्षित गटात धरल्या जातात, त्यामुळे धोका किरकोळ असला तरी असा अर्ज पूर्ण बैठकीपुढे येतो.

त्याच प्रश्नावलीचा पहिला रकाना वयाचा. समजा, एकीने सतरा सांगितलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ही माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि माहितीपत्रकात तर ‘सर्व माहिती गुप्त राहील’ असं छापलेलं! पाळता न येणारं वचन द्यायचंच कशाला? गुप्ततेला कायद्याची ही मर्यादा आहे, हे पत्रकात आधीच, सोप्या शब्दांत सांगावं. अभ्यास अठरा वर्षांपुढच्यांपुरता ठेवता येतो. मग लहान वयाच्या मुलींबद्दल त्यातून काही कळणार नाही, हेही मान्य करावं लागतं.

सहीची तर गंमतच आहे. ओपीडीतल्या बाईने अ‍ॅडमिशन फॉर्म भरलेलाच नसतो. भरला असला तरी ती सही उपचारासाठी, अभ्यासासाठी नव्हे. आणि जे डॉक्टर तपासतात तेच ‘भाग घेता का?’ म्हणाले तर ‘नाही’ कोण म्हणणार? म्हणून संमती उपचार न करणाऱ्या माणसाने घ्यावी. पत्रकात ‘सदर अध्ययनात स्वेच्छेने सहभागी होण्यास’ असली सरकारी मराठी नको. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तपासणी आणि गोळ्या तशाच मिळतील’ हे वाक्य हवं, शेवटी कमिटीच्या सचिवांचा फोन नंबरही. वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तो अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर. सज्ञान बाईच्या जागी नवऱ्याची सही चालत नाही.

नावं काढल्यावर एक्सेलमध्ये काय उरतं तेही पाहा: ओपीडी नंबर, गाव, प्रसूतीची अपेक्षित तारीख, कितवी खेप. लहान गावात त्या महिन्यात चौथ्या खेपेची एकच बाई असते. आशाताईला नाव विचारायची गरजच पडणार नाही. म्हणून गावाऐवजी तालुका, तारखेऐवजी आठवडे, ओपीडी नंबरऐवजी कोड. कोडाची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलीत, एकाच माणसाकडे, आणि ती कधी नष्ट करणार हे अर्जात नमूद. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची नाही, हे सांगावं लागतं, कारण फिरते.

मेसेजमध्ये तथ्य एवढंच की ओळख पटणार नाही अशा जुन्या नोंदींवरचा अभ्यास बहुधा पूर्ण बैठकीशिवाय, शीघ्र छाननीत निघतो आणि कमिटी संमतीची अट माफ करू शकते. तीही कमिटीच, आणि आधी.

‘नंतर टाका’ला उत्तर तारखांमध्येच आहे. मंजुरी पुढच्या कामाला मिळते, झालेल्या कामाला मागून मिळत नाही. पहिला फॉर्म १० जूनचा आणि मंजुरीपत्र २ जुलैचं असेल, तर मंजुरीआधीचे फॉर्म बाजूला ठेवून कमिटीला लेखी कळवायचं आणि मोजणी मंजुरीनंतर पहिल्यापासून सुरू करायची.