दत्तक गेले की घेतले?

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सांगलीला काकांच्या कपाटात असतो आणि तो कपाटाबाहेर पडावा ही काकांची इच्छा नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या पुतण्याने, ज्याला मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, आपल्या पणजोबांच्या शाखेचे पान इंग्रजीत करून मागितले तेव्हा काकांनी पुस्तक माझ्याकडे पाठवण्याऐवजी त्याच पानाचे चार फोटो व्हॉट्सॅपवर पाठवले. सोबत निरोप होता: "चारांतला एक तरी बरा असेल." चारही वाईट होते. मात्र प्रत्येकाचे वाईटपण स्वतंत्र होते, आणि पुढचे तीन दिवस माझा निभाव लागला तो केवळ त्या स्वातंत्र्यामुळे.

पहिला फोटो रात्री, झिरोच्या दिव्याखाली काढलेला होता. दुसऱ्यात काकांचा हात हलला होता. तिसऱ्यात फ्लॅश होता. चौथा फोटो प्रकाश, स्थैर्य आणि स्पष्टता या तिन्ही कसोट्यांवर उत्तम होता, फक्त त्यात पानाच्या आतल्या बाजूला, वरून सातव्या ओळीच्या शेवटावर, काकांचा अंगठा होता. अंगठा इतका सुस्पष्ट होता की त्याच्या रेषा मोजता आल्या असत्या.

फोटो उजळायला घेण्याआधी मी एक हिशेब करतो आणि तो याही वेळी केला. व्हॉट्सॅपने नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो. माझ्यापर्यंत पोचलेल्या फोटोंची लांब बाजू १६०० पिक्सेलांची होती. काकांनी पुस्तकाची दोन्ही पाने, त्याखालचा टेबलक्लॉथ आणि चष्म्याचे घर एवढे सगळे त्यात बसवल्यामुळे माझ्या पानाच्या वाट्याला जेमतेम ५०० पिक्सेल रुंदी आली होती. ओळीत साधारण ४५ अक्षरे होती, म्हणजे एका अक्षराला अकरा. अकरा ठिपक्यांत 'क' ओळखू येतो, पण त्यावरचा अनुस्वार एका ठिपक्याचा उरतो. आणि जेपेग पद्धत चित्र दाबताना आठ बाय आठच्या चौकटी पाडून काम करत असल्याने, अक्षरांच्या कडेला तिने स्वतःच पेरलेले करडे ठिपके त्या अनुस्वाराशेजारी सख्ख्या भावासारखे बसलेले असतात. कोणता ठिपका छापखान्याचा आणि कोणता व्हॉट्सॅपचा, हे अशा वेळी कोणतीही सुधारणा सांगू शकत नाही.

म्हणून मी काकांना फोन करून तेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितले. "अरे, हे डॉक्युमेंट नाही, फोटो आहेत," असे त्यांचे म्हणणे पडले आणि त्यावर वीस मिनिटे गेली. शेवटी नातीने पेपरक्लिपचे चिन्ह दाबून ते काम केले. मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद निघाले, म्हणजे अक्षरामागे अकराऐवजी सत्तावीस-अठ्ठावीस ठिपके. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी सुधारणा तीच होती, आणि ती सांगलीत बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीने केली.

आता झिरोच्या दिव्याचा फोटो. तो पाहून कोणीही कपाळाला हात लावला असता, परंतु छापील मजकुराला अंधार फारसा मारत नाही. माणसाच्या चेहऱ्यात शेकडो छटा असतात आणि त्या गेल्या की चेहरा गेला. छापील पानात मात्र शाई आणि कागद या दोनच गोष्टी असतात. काकांच्या फोटोत काळ्याची पातळी वीसच्या आसपास आणि कागदाची साठच्या आसपास होती, म्हणजे २५५ पायऱ्यांच्या जिन्यावरच्या जेमतेम चाळीस पायऱ्या वापरल्या गेल्या होत्या; पण अक्षर कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, एवढे सांगायला चाळीस पायऱ्या पुष्कळ झाल्या. अडचण वेगळीच होती. दिवा डावीकडे असल्याने उजवीकडचा कागद डावीकडच्या शाईइतकाच काळा दिसत होता, त्यामुळे सगळे पान एकदम उजळले की डावी बाजू पांढरीफटक होई आणि उजवी डांबरासारखी राही.

यावरचा उपाय मी जिंप या फुकटच्या प्रणालीत करतो. फोटो करडा करायचा, त्याच्या थराची प्रत काढायची, ती प्रत इतकी धूसर करायची की अक्षरे पूर्ण विरघळून केवळ उजेड-सावलीचा नकाशा उरेल, आणि मग वरच्या थराची पद्धत 'डिव्हाइड' करून मूळ फोटोला त्या नकाशाने भागायचे. जिथे सावली तिथे भाजकही लहान, त्यामुळे सगळा कागद एका पातळीला येतो. धूसरपणा कमी ठेवला तर ठळक शीर्षके आतून पोकळ होतात. तसे दिसले की त्रिज्या वाढवायची. पान असे धुऊन निघाले तेव्हा मला इतका आनंद झाला की उत्साहाच्या भरात मी पुढे शुद्ध काळे-पांढरेही करून टाकले, आणि कागदातल्या काडीकचऱ्याचे अनुस्वार झाले. आमच्या 'वशिल्या'त नसलेले एक पूर्वज क्षणभर 'वंशिल्या'चे धनी झाले. ती पायरी मी मागे घेतली. मानवी डोळ्याने वाचायचे असेल तर करडा रंग राहू द्यावा. कडेचा फिकटपणा हीच अक्षराची उरलेली माहिती असते.

हललेल्या फोटोबद्दल मात्र मला फार आशा नव्हती. देवनागरीचा स्वभाव असा की हात आडवा हलला तर शिरोरेषा जशीच्या तशी राहते आणि काने जाड होतात, त्यात 'ब'चे पोट भरून त्याचा 'व' की 'ब' हा प्रश्न उरतो. हात उभा हलला तर काने शाबूत राहतात, पण शिरोरेषा फुगून वरच्या मात्रा गिळून टाकते. काकांचा हात उभा हलला होता. तीक्ष्ण करण्याचे बटण मी थोडे पुढे सरकवले तेव्हा अक्षरांभोवती पांढरी प्रभावळ आली. आणखी सरकवले तेव्हा एकाच मात्रेच्या दोन झाल्या आणि 'मोरेश्वर' 'मौरैश्वर' झाले. फोटोत नसलेली रेघ अशी उमटू लागली की तिथेच थांबावे. या फोटोचा उपयोग एवढाच झाला की इतर फोटोंत वाचलेले काने त्यात ताडून पाहता आले.

आता आकड्यांची गोष्ट. पणजोबांचा जन्म शके १८३ आणि पुढे एक गुंडाळी असा दिसत होता. ती गुंडाळी १ची की ९ची, हे तिप्पट मोठे करूनही कळेना, कारण मोठे केल्याने ठिपके मोठे होतात, वाढत नाहीत. पण कुलवृत्तांतात भाऊ वयाने येतात. थोरल्याचा जन्म शके १८३५चा स्पष्ट होता, धाकट्याचा १८४२चा. मधल्याचा १८३१ असता तर तो थोरल्याच्या आधी चार वर्षे जन्मून गप्प बसला असता. म्हणजे १८३९, त्यात ७८ मिळवून इसवी सन १९१७ आणि पौष-माघ-फाल्गुनात जन्म असेल तर १९१८. हा आकडा फोटोतून मिळाला नाही, शेजाऱ्यांकडून मिळाला, आणि भाषांतरात मी तसे नोंदवले. वाक्यातल्या शब्दांनाही अशी साक्ष मिळते. जुन्या खिळ्यांत 'ख' आणि 'रव' सारखेच दिसत, तरी "मुंबईस खाना झाले" असे कोणी वाचत नाही. विशेषनामांना मात्र साक्षीदार नसतात. एका कन्येचे नाव 'रमा' की 'उमा' हे मला कळले नाही, आणि दोन्ही नावे सारखीच शक्य असल्याने तिथे मी चौकटी कंसात 'अवाच्य' लिहिले. आईला ते अजिबात आवडले नाही. "घरच्या मुलीला अवाच्य म्हणतोस?"

आणि मग सातव्या ओळीचा शेवट. "...कोल्हापूरकर शाखा: दत्तक" आणि पुढे एकच शब्द. गेले की घेतले? एकात मुलगा घरातून जातो, दुसऱ्यात घरात येतो; एकात न्यू जर्सीचा पुतण्या आमचा राहतो, दुसऱ्यात त्याची मुळे निराळी निघतात. अंधाऱ्या फोटोत ती जागा पुस्तकाच्या शिवणीजवळच्या वळणात, फोकसच्या बाहेर गेली होती. हललेल्यात मात्रांचा चिखल होता. चौथ्यात अंगठा. फ्लॅशच्या फोटोत बरोबर तिथेच पांढरा डाग होता, आणि तो मी गडद केला तेव्हा त्याचा करडा डाग झाला, कारण तिथला प्रत्येक ठिपका २५५वर जाऊन अडकला होता. अंधारात चाळीस पायऱ्या तरी होत्या. इथे एकही नव्हती.

मग मी जागा मोजली. आजूबाजूच्या अक्षरांच्या मापाने 'गेले'ला दोन घरे लागतात, 'घेतले'ला तीन. मला मोजमाप मिळाले अडीच. अंधाऱ्या फोटोत तो शब्द शेजाऱ्यांपेक्षा काळा आणि उंचही दिसत होता, तो मी फोकसचा दोष मानून सोडून दिला. बायकोला बोलावून "हे 'गेले' दिसतंय ना?" असे विचारले तर तिला 'गेले' दिसले; मुलाला "'घेतले' दिसतंय ना?" असे विचारले तर त्याला 'घेतले' दिसले. शब्द न सांगता शेजारच्या जोशीकाकूंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा डाग आहे." तीन साक्षींपैकी ग्राह्य धरण्याजोगी ती एकच होती.

शेवटी पुन्हा फोटो मागितला: दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, एकच पान, शिवण हाताने सपाट दाबून, आणि अंगठा कागदाच्या बाहेर. एक प्रश्न मला आधीच पडायला हवा होता, तो मी आता विचारला. खरखरीत जुना कागद फ्लॅशने चमकतोच कसा?

"तिथे सेलोटेप आहे," काका म्हणाले. "पान फाटलं होतं, मीच लावली."

नव्या फोटोत पिवळ्या पडलेल्या सेलोटेपखाली सगळे वाचता आले. छापलेले 'गेले' होते, ते शाईने खोडून वरच्या चिंचोळ्या जागेत 'घेतले' लिहिले होते. दोन घरांचा शब्द, वर तीन घरांची दुरुस्ती. माझे अडीच चुकले नव्हते.

"काका, हे अक्षर कोणाचं?"

"माझंच. मॅट्रिकला होतो तेव्हा. आजीने सांगितलं छापणाऱ्याने चूक केली म्हणून, मी लगेच खोडून लिहिलं."

"मग चार दिवस मी फोटो मागतोय, तेव्हा सांगितलं नाहीत ते?"

"तू शब्द कुठे विचारलास? फोटो मागितलास, मी फोटो दिला."

पुतण्याला पाठवलेल्या भाषांतरात त्या जागी मूळ छापील शब्द, त्यावरची हस्तलिखित दुरुस्ती, ती कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून केली, हे तिन्ही तळटीपेत दिले आहे. काल त्याचा प्रश्न आला की आजी खरे बोलत होत्या का. तो मी सांगलीला पुढे पाठवला आहे, यावेळी फोटो न मागता.