मीठ बघ म्हणे!

मला. मीठ. बघ म्हणे.

आषाढातला रविवार, पाऊस जरा उघडलेला, आख्ख्या बोळात कांदा-लसूण मसाल्याचा ठसका, आणि शेजारच्या काकूंनी पांढऱ्या रश्श्याची वाटी माझ्या हातात ठेवून विचारलं, "बघ रे बाळा, मीठ बरोबर हाय का? पाव्हणं याला लागल्यात." या त्याच काकू, ज्यांच्या घागरीत परवापर्यंत गटार येत होतं. यांच्यासाठीच मी काल पहाटे अनवाणी बोळात उभा होतो. पेठेतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की गळती ऐकली की माझ्या तोंडाची चव जाते. काकूंना माहीत नाही? चांगलं माहीत आहे. माझ्या आजोबांपासून माहीत आहे.

तरी मी वाटी तोंडाला लावली. मटणाचं आळणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, सगळं डोळ्यांना दिसत होतं. जिभेला कळली ती भाताची कोमट पेज. मी नुसता बघत राहिलो. तर काकू म्हणाल्या, "चव न्हाई व्हय अजून? मग ऱ्हाऊ दे, आमच्या बंड्याला विचारते." आणि वाटी परत घेतली! अर्धी प्यायलेली वाटी, माझ्या हातातनं! तांबड्याचं तर नावच नाही. "तुला काय कळणाराय आज, उगंच वाया कशाला" हे वर.

असली ही शक्ती. कुठं स्फोट झाला नाही, आकाशातनं काही पडलं नाही. आजोबा चावी सोडायचे, त्यांनाही टाचेतनं पाणी ऐकू यायचं, आणि ते आयुष्यभर आळणी जेवले. लोक म्हणायचे, केवढा साधा माणूस, पानात पडेल ते खातो. अहो, त्यांना मेथी आणि मटण एकच लागायचं!

काल काय झालं ते सांगतो, म्हणजे मी का पेटलोय ते कळेल.

आमच्याकडं पाणी येतं पहाटे. गेला आठवडाभर पहिली पाच-दहा मिनिटं वास मारायचा, मग पाणी निवळायचं. इथवर सरळ आहे. दिवसभर लाईन रिकामी असते, आत दाब नसतो, आणि गटारातनं गेलेल्या पाईपला भोक असलं की गटारातलं पाणी निवांत आत शिरतं. पाणी सोडलं की तेच आधी नळाला येतं. म्हणून पहिली घागर ओतून द्या असं मी ओरडून सांगतो. पण या वेळी वास परत यायचा, मधेच, पाणी चांगल्या जोरात चालू असताना. दाब असताना पाणी भोकातनं बाहेर जायला पाहिजे, आत कसं येईल? कुणीतरी ओढत असल्याशिवाय येत नाही. हे मी तेव्हाच म्हणालो होतो. कुणी ऐकलं? "तू ते आधी भोक शोध."

भोक शोधायचं म्हणजे पहाटे, लाईनला दाब असताना, रिक्षा सुरू व्हायच्या आधी. आधी व्हॉल्व्हच्या दांडीवर टाच टेकवायची, मग एकेका फेरूलवर, म्हणजे मोठ्या लाईनीला घरची लाईन जोडतात तिथं, मग तिथनं घराकडं जाणाऱ्या पाईपवरनं पावलापावलानं. लोखंडी पाईप असला तर गळतीचा आवाज बारीक, चिरका येतो आणि लांबवर जातो. प्लास्टिकचा असला तर जाड, बसका येतो आणि हातभर अंतरावर मरतो. प्लास्टिकच्या पाईपचा मला मनापासून राग आहे, ते एक असो. आवाज सगळ्यात मोठा जिथं, तिथंच गळती असंही नाही, कारण वळणावर आणि जोडावर पाणी उगीचच ओरडतं. आणि मुख्य म्हणजे चालू नळ आणि फुटका पाईप यांचा आवाज टाचेला सारखाच लागतो. म्हणून पाच मिनिटं सगळ्यांनी नळ बंद करायचे. पाचच मिनिटं!

या पाच मिनिटांसाठी मी कुणाकुणाच्या पाया पडलो ते विचारू नका. काकू म्हणाल्या, आधी वरच्यांना सांग. वरचे म्हणाले, आमच्याकडं आधीच करंगळीएवढी धार, बंद केली तर परत येत नाही. मागच्या घरातले म्हणाले, केला बंद. केला नव्हता, मला टाचेत कळत होतं! एक वहिनी म्हणाल्या, बंदच आहे, फक्त बादली भरायची राहिलीय. गटाराच्या वासानं बोंबलत मला झोपेतनं उठवणारी हीच माणसं, आणि गटाराचंच पाणी सोडवेना!

शेवटी कसेबसे नळ थांबले. आणि मग ऐकू आलं. किराणावाल्याच्या पायरीखाली, जिथं घरची लाईन गटार ओलांडते, तिथं चिरका आवाज. पण त्याच्यावर दुसरा आवाज होता, एकसुरी, गुरगुरता. मोटर. नळाच्या लाईनीला थेट लावलेली, ना जमिनीत टाकी ना काही. ती सुरू झाली की शेजारपाजारचा दाब पार खाली जातो आणि पायरीखालचं भोक बाहेर गळायच्या ऐवजी आत ओढायला लागतं. म्हणजे मधल्या वासाचं कारण मला उभ्या उभ्या सापडलं, तिसऱ्या मजल्यावरचे आमचे पैलवान मामा. त्यांना मी खालनं हाक मारली. ते वरनं म्हणाले, "मोटर बंद केली तर पाणी काय खांद्यावरनं आणू? आणि एकट्या माझीच हाय व्हय?" यावर बोळात जी शांतता पसरली, ती मी कधी ऐकली नव्हती. वहिनींची बादलीसुद्धा थांबली.

तर शक्तीचा उपयोग इथं संपतो. मला ऐकू येतं, एवढंच. पैलवान मामांच्या मोटरची वायर काढायची शक्ती वेगळी असते आणि ती कुणाकडंच नाही.

मी विटेच्या तुकड्यानं पायरीजवळ फुली मारली. तासाभरात त्या फुलीवर कुणीतरी मोपेड लावली. हँडल लॉक! खोदाईवाले आले, त्यांच्याकडच्या नकाशात लाईन पलीकडनं जाते, म्हणून त्यांनी पलीकडं खणलं. गेल्या महिन्यात झालेला नवाकोरा रस्ता. तिथं निघाली कोरडी माती आणि कसली तरी केबल, तीही त्यांनी तोडली. मी म्हणतोय, अहो, फुलीवर खणा. मुकादम म्हणतो, "तुम्ही पानाड्या काय?" पानाड्या! हातावर नारळ आडवा धरून शेतात फिरतो मी? एकदा सासरच्यांनीही मला बोअरची जागा दाखवायला नेलं होतं. मी सांगितलं, मला पाईपमधलं पाणी ऐकू येतं, जमिनीतलं नाही. तेव्हापासून तिथं माझी किंमत कमी झाली ती झालीच.

शेवटी मोपेड चौघांनी उचलून बाजूला ठेवली आणि फुलीवर खणलं. निघाला की जुना लोखंडी पाईप! गटाराच्या काळ्या पाण्यात बुडालेला, गंजून पापुद्रे सुटलेला, वर कुणीतरी कधीकाळी सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीनं आवळलेली. सुतळी कुजलेली, ट्यूब सैल, आणि तिच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी नळाचं पाणी नळीत घेऊन क्लोरिन तपासायचे थेंब टाकले. पिवळं व्हायला पाहिजे, झालं नाही. म्हणजे टाकलेलं क्लोरिन घाणीनं वाटेतच खाऊन टाकलेलं. मग साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "इथं मिसळतंय." थेंबांवर विश्वास आहे, माझ्या टाचेवर नाही. पाईपचा तुकडा बदलला, पाणी सोडून लाईन धुतली, परत थेंब टाकले, पिवळं आलं. बोळानं साहेबांसाठी चहा आणला. मलाही दिला, गोड होता म्हणे.

साध्या गळतीला माझं एक जेवण जातं. मैला मिसळत असला तर निदान दोन दिवस. हा दर मी ठरवलेला नाही, आजोबांपासून चालत आलाय. आणि सगळ्या भानगडी नेमक्या शुक्रवार-शनिवारी निघतात, म्हणजे रविवारचं मटण गेलंच. मिसळ म्हणजे मला ओला पाव. नाक्यावर उसाचा रस प्यायलो तर हिरवं पाणी. बायको म्हणते, बरंय की, कारल्याचा रस पी, डॉक्टरांनी सांगितलाय, हीच वेळ आहे. प्यायलो. काहीच लागलं नाही. म्हणजे एक उपयोग आहे, कबूल.

आणि पुराचं तर बोलूच नका. २०१९ ला ज्याला त्याला माझ्याकडनं पंचगंगेचा अंदाज पाहिजे होता. "तुला कळतंय न्हवं पाण्याचं, सांग की, बोळात येतंय का?" अहो, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, फोनवर तासातासाला आकडा येतोय, राधानगरीचे दरवाजे उघडले की तेही कळतं, माझी टाच कशाला? आणि त्या पुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, नळ कोरडे पडले, चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर. पाईपमध्ये पाणीच नाही तर मी ऐकू काय? आयुष्यात तेवढेच दिवस मला सगळ्या जेवणाची चव होती, आणि जेवायला होती खिचडी, पाकिटातली.

पोशाखाचंही ऐका. लोकांच्या कल्पनेतल्या वीराला झगा असतो. मला हाफ पँट, डोक्यावर टॉवेल, हातात बॅटरी, आणि चप्पल बगलेत, कारण रबरी तळव्यातनं आवाज येत नाही. कोल्हापूरचा माणूस आणि पायात कोल्हापुरी घालून फिरायची सोय नाही! परवा एका कुत्र्यानं मला चोर समजून पंचायत केली, तर कट्ट्यावरची पोरं कुत्र्याच्या बाजूनं.

तर आता दारावर पाटी लावणार आहे. गळती असली तर सोमवारी या, संकष्टीला या, एकादशीला या, श्रावणात तर रोज या, महिनाभर मोकळा आहे. नळ बंद करून या. पैलवान मामांना घेऊन या. आषाढातला एक रविवार अजून शिल्लक आहे, त्याच्या आधल्या शुक्रवारी किंवा शनिवारी कुणी कडी वाजवली, तर गटार नळाला येऊ दे नाहीतर स्वयंपाकघरात येऊ दे, मी पायात जाड रबरी स्लिपर घालून झोपणार आहे. मटण दीड किलो सांगून ठेवलंय. मीठ मी बघणार.