सेम टू सेम

मंगळवारी मुलाखत आहे. वय चव्वेचाळीस. मेलमध्ये शेवटची ओळ होती, 'कृपया फॉर्मल पोशाखात यावे'. अठरा वर्षं नोकरी केल्यावर कुणी आपल्याला कपडे घालून या असं कळवतं, तेव्हा जे वाटतं ते वाटलं आणि मी कपाट उघडलं.

कोट होता. लग्नातला, नेव्ही ब्लू, अजून खांद्यात बसतो. पँटचं मात्र विचारू नका. म्हणून शनिवारी दुपारी कोट हातावर टाकून लक्ष्मी रोडवर गेलो. सेल्समनने कोट काउंटरवर पसरला, वर एक पँट ठेवली, छतातले पिवळे दिवे आणखी दोन लावले आणि म्हणाला, "बघा साहेब, सेम टू सेम." मला खरंच सेम दिसलं. वर त्याने 'मुलाखत आहे' एवढं ऐकून एक खोकाही गळ्यात मारला. वाइन रंगाचा चमकता शर्ट आणि त्याच कापडाचा, त्याच चमकेचा टाय. 'मॅचिंग सेट' असं खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. पँटची उंची तिथेच दुमडून शिवून दिली. पँटचे एक हजार चारशे पन्नास, सेटचे वेगळे. मी पिशवी घेऊन पायरी उतरलो.

पायरीवर काकू उभ्या होत्या.

शेजारी मॅचिंग सेंटर आहे, तिथून त्या एक मोरपंखी साडी आणि सहा ब्लाउजपीस घेऊन उन्हात आल्या होत्या. मागे दुकानातला पोरगा, कारण माल पळवू नये म्हणून. एकेक तुकडा साडीच्या काठाशी धरायचा, मान तिरकी करायची, "नाही, हा हिरव्यात जातोय" म्हणायचं आणि पोराच्या खांद्यावर टाकायचा. पोरगा आता दोरीवरच्या वाळवणासारखा दिसत होता. मी बाजूने निघालो तर पिशवीतून पँटचा पाय बाहेर आलेला आणि हातावर कोट.

"अहो, थांबा. हे एकत्र घालणार?"

"हो."

"कोट निळा आहे. विजार काळी आहे."

मी म्हणालो, "नाही काकू, सेम आहे." त्यांनी उत्तर दिलं नाही. साडी पोराच्या डोक्यावर ठेवली, माझ्या हातातून दोन्ही कपडे घेतले आणि फुटपाथच्या कडेला जिथे झाडाची सावली संपते तिथे नेऊन एकावर एक धरले. आणि अहो, काय सांगू. कोट निळा होता. पँट काळी होती. म्हणजे थोडीशी नव्हे, कावळा आणि शाईची दौत इतका फरक. एक स्कूटरवाला वेग कमी करून बघून गेला.

"आत पिवळा उजेड होता ना? पिवळ्या दिव्यात निळं असतंच कमी, मग निळं कापड परत देणार काय? ते काळंच दिसणार. म्हणून तर आम्ही बाहेर येतो. तुम्हाला काय वाटलं, ऊन खायला येतो?"

खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, बायको प्रत्येक दुकानातून साडी घेऊन दाराशी जाते आणि मी आत स्टुलावर बसून ह्याला हौस म्हणतो. त्यामागे उजेडाचं एवढं गणित असेल असं कुणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल, मी स्टुलावर होतो.

काकूंना आता माझी दया आली होती, आणि दया आलेली पुणेरी बाई थांबत नाही. पिशवीतला खोका त्यांनी स्वतःच उघडला. "हे काय? शर्ट आमसुली, टाय आमसुली, दोन्हीला चमक. मुलाखत आहे की बँडात वाजवायला जाताय?" पोरगा हसला. मला त्या पोराचा राग अजून गेलेला नाही.

"हे बघा. कोट म्हणजे साडी. टाय म्हणजे काठ. शर्ट म्हणजे मधली मोकळी जागा. काठ उठून दिसायला हवा, तर मधे फिकं नको का? शर्ट पांढरा नाहीतर फिकट आकाशी. टाय शर्टापेक्षा गडद, नेहमी. आणि टायमध्ये एखादी बारीक रेघ कोटाच्या रंगाची असली की झालं, सगळं एका घरातलं वाटतं."

मी म्हणालो, पांढरे शर्ट घरी तीन आहेत. "जुने असतील. कपाटात पांढरे दिसतात, नव्या कॉलरशेजारी पिवळे. आमची आई नीळ कशाला द्यायची? पिवळेपणा मारायला. नवा घ्या."

"आणि पँट? ही काळी घेतलीच आहे, हीच चालवू का? फार लांबून थोडीच कळणार..."

इथे काकूंनी जे सांगितलं ते मला पटलं, म्हणून जास्त लागलं. "मॅच होत असेल तर पूर्ण व्हायला हवं, एकाच ताग्यातलं. जुन्या कोटाला नवी विजार ती मिळणारच नाही. रंगाचा प्रत्येक घाणा वेगळा निघतो, आणि तुमचा कोट इतकी वर्षं धुऊन थोडा उतरलाही असेल. जवळजवळ मॅच हे सगळ्यात वाईट. बघणाऱ्याला वाटतं, ह्याला जमवायचं होतं, जमलं नाही. त्यापेक्षा लांब जा. करडी विजार घाला. मग ते ठरवून केलेलं दिसतं."

ठरवून केलेलं दिसतं! मार्चमध्ये ऑफिसने माझं पद 'पुनर्रचनेत' काढलं तेव्हापासून मी हेच करतोय. रिकाम्या महिन्यांना बायोडेटात 'स्वतंत्र सल्लागार' लिहिलंय. तेही जवळजवळ मॅचच आहे. उन्हात धरलं तर कळेल.

असो. मी मागे फिरलो. सेल्समन आता मला ओळखत नव्हता. "पाय शिवलाय, माल परत नाही," आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट. मी म्हणालो, तुम्हीच सेम म्हणालात. तो म्हणाला, "इथे सेमच आहे ना साहेब." दिव्याखाली धरून दाखवलंही. होतं सेम. वाद कसा घालणार? सेट मात्र बदलून दिला: आकाशी शर्ट, आणि गडद लाल टाय, त्यात निळी रेघ. फरकाचे दोनशे त्याने मागितले, मी दिले. करडी पँट घरी आहे, कमरेला एक हुक सैल करून.

बाहेर आलो तर काकू तिथेच. "आता माझं बघा," म्हणाल्या, आणि एक तुकडा काठावर धरला. मी नीट बघितलं. मान तिरकी केली. म्हणालो, होतंय. "हिरव्यात जातोय," म्हणत त्यांनी तो पोराच्या खांद्यावर टाकला.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. काकूंचा तर तिने पक्षच घेतला, पण शेवटी कोट आणि ती काळी पँट हॉलमधल्या दिव्याखाली धरून म्हणाली, "पण हे तर सेम दिसतंय रे." मी दोन्ही घेऊन बाल्कनीत गेलो. बाहेर अंधार होता.